पाचव्या पानावरचा ‘देव’: नाकारलेल्या लेखाच्या फेरविचार-अर्जाचं प्रकरण

मार्च २०२५ मध्ये एका संशोधन नियतकालिकाने माझा लेख परत केला. संपादकांचं पत्र सहा ओळींचं होतं. पहिल्या परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत, मात्र दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप मूलभूत असल्यामुळे लेख स्वीकारता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. सोबत दोन्ही अभिप्राय जोडले होते. पुढच्या काही महिन्यांत जे घडलं ते मी तपशीलवार लिहितो आहे. धर्मविषयक लेखात ज्या प्रकारचं चुकीचं वाचन वारंवार होतं, त्याचा हा अगदी नमुना आहे. आणि त्या चुकीत माझा वाटा किती होता, हे शोधल्याशिवाय मला पत्र नीट लिहिता आलं नसतं.

लेख सिंदफणेच्या काठच्या एका गावातल्या मोहरमवर होता. मराठवाड्यात ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांना सवारी वेगळी सांगायला नको. मोहरमचा चंद्र दिसला की अलावा, म्हणजे विस्तवाचा खड्डा, खोदतात, धातूचे पंजे उजळतात, ते काठ्यांवर चढवले की सवारी बसते, ऊद-लोभान जळतं, आणि दहाव्या दिवशी सवाऱ्या नदीवर नेऊन थंड करतात. मूळ स्मरण इ.स. ६८० मधल्या करबल्याचं, इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचं. माझ्या गावात सवारीची सेवा करणाऱ्या मुजावराचं एकच घर आहे. बाकी कामं वाटून दिलेली आहेत. अलावा खोदण्याचा मान एका मराठा घराचा, तेल देण्याचा दुसऱ्याचा, एक सवारी उचलण्याचा मान धनगर वाड्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या हे ठरलेलं आहे आणि त्यावरून भांडणंही झालेली आहेत.

लेखाचं म्हणणं असं होतं की याला ‘हिंदू-मुस्लिम समन्वय’ असं सरसकट नाव देणं बरोबर नाही. लोक दोन धर्म एकत्र कालवत नाहीत. ते मान पाळतात, आणि मान पाळताना कोणती गोष्ट कुणाची आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. २००१ साली टोनी स्टुअर्ट यांनी बंगालमधल्या जुन्या मुस्लिम ग्रंथांविषयी लिहिताना याच्या जवळपासचा मुद्दा मांडला होता: एका परंपरेतला माणूस आपली गोष्ट सांगायला दुसऱ्या परंपरेचा शब्द वापरतो, तेव्हा तो भेसळ करत नसतो, आपल्या अर्थाच्या जवळचा शब्द शोधत असतो. मी तो मुद्दा ग्रंथांवरून गावाकडे आणत होतो.

माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा एका रुमालातला होता. २०२४ साली मोहरमची दहावी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, १७ जुलैला आली. सवारी उचलणाऱ्यांपैकी एकाच्या घरात एकादशी कडक. दुपारी मुजावराच्या घरून मलिदा आला. चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला, म्हणजे गव्हाचा, उपासाला न चालणारा. त्या माणसाने दोन्ही हात पुढे करून मलिदा घेतला, कपाळाला लावला आणि न खाता रुमालात बांधून ठेवला. ‘उद्या बारस सोडताना खाईन’ म्हणाला. दोन नेम त्याने दोन ठिकाणी ठेवले, एकही मोडला नाही. अख्ख्या लेखात मला जे सांगायचं होतं ते त्या गाठीत होतं.

आणि दुसऱ्या परीक्षकांनी लिहिलं होतं: ‘सवारी ही हिंदू ग्रामदेवता असल्याचे लेखक प्रतिपादन करतात. हे ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे असून मुस्लिम परंपरेवर अन्याय करणारे आहे. संपूर्ण मांडणी या गृहीतकावर उभी असल्याने लेख दुरुस्तीने सुधारण्याजोगा नाही.’ त्यानंतर आणखी दोन आक्षेप होते. दख्खनच्या मोहरमचं तपशीलवार वर्णन करणारं जाफर शरीफ यांचं ‘कानून-ए-इस्लाम’, ज्याचं हर्क्लॉट्स यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये छापलं गेलं, ते लेखकाने पाहिलेलं दिसत नाही. आणि निरीक्षण एकाच वर्षाचं आहे.

मी त्याच रात्री साडेतीन पानांचं उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या जुन्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः बरीच वर्षं संपादन केलेलं आहे. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ‘आधी मला सांग, तुझा लेख कुठल्या वाक्याने पाडला? ते एक वाक्य अभिप्रायातून खोडून बघ. उरलेल्या अभिप्रायावर लेख पडतो का?’

मी खोडून पाहिलं. ‘कानून-ए-इस्लाम’ पाहिलं नाही, हा आक्षेप खरा होता, पण तो दुरुस्तीचा. एकाच वर्षाचं निरीक्षण, हाही खरा, पण त्याने लेखाचा दावा लहान होतो, रद्द होत नाही. लेख पडत होता तो फक्त ‘हिंदू ग्रामदेवता’ या वाक्याने. म्हणजे निर्णय एका विधानावर उभा होता आणि ते विधान मी केलेलंच नव्हतं. अशा ठिकाणी फेरविचार मागायला जागा असते. हेच परीक्षक ‘विषय नवा नाही’ किंवा ‘हे आमच्या नियतकालिकाच्या कक्षेत बसत नाही’ असं म्हणाले असते, तर सरांनी मला दुसरं नियतकालिक शोधायला सांगितलं असतं. ती मतं असतात. संपादकाला ती बदलायला कारण लागत नाही आणि लेखकाला ती खोटी ठरवता येत नाहीत. लेखात काय लिहिलं आहे आणि काय नाही, हे मात्र पान उघडून दाखवता येतं.

मग सरांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला आवडला नाही. ‘त्यांना असं का वाटलं असेल? लेख त्यांच्या जागी बसून वाच.’

लेखाच्या दुसऱ्या पानावर मी स्पष्ट लिहिलं होतं की ‘देव’ हा शब्द गावकऱ्यांचा आहे आणि तो त्यांच्या बोलण्यातला म्हणूनच वापरला आहे. अकराव्या पानावर, निष्कर्षात, सवारीला हिंदू देवता ठरवणं चूक आहे असं थेट म्हटलं होतं. पण पाचव्या पानावर एक परिच्छेद असा सुरू होत होता: ‘सवारी हा या गावाचा देव आहे. तो वर्षातून दहा दिवस बसतो आणि दहाव्या दिवशी थंड होतो.’ हे शब्द अलावा खोदणाऱ्या घरातल्या आजोबांचे. ‘आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे’ हे शब्द आदल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला होते, चौदा ओळी वर. मध्ये अलाव्याचं माप, लाकडं कुणी द्यायची, सगळं येऊन गेलं होतं. नव्या परिच्छेदात अवतरणचिन्हं नव्हती, ‘असे ते सांगतात’ नव्हतं. वाक्य साधं, वर्तमानकाळी, माझ्याच आवाजातलं.

धर्माच्या अभ्यासात हा धोका इतर विषयांपेक्षा जास्त आहे, असं मला आता वाटतं. शेतीवरच्या लेखात ‘या जमिनीत कापूस येत नाही’ हे वाक्य शेतकऱ्याचं की लेखकाचं, याने फारसं बिघडत नाही. ‘हा देव आहे’ हे वाक्य मात्र सांगणारा बदलला की पूर्ण बदलतं. आजोबांच्या तोंडी ती श्रद्धा आहे, माझ्या तोंडी तो दावा होतो. अभ्यासकांकडे या भेदासाठी एमिक आणि एटिक असे शब्द आहेत. केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने ते घडवले. आतल्या माणसाचं वर्गीकरण आणि बाहेरून पाहणाऱ्याचं वर्गीकरण. मराठीत आपल्याकडे त्याहून सोपी सोय आहे. बोलताना आपण वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावतो आणि वाक्य दुसऱ्याचं होतं. लेखनात प्रमाणभाषेच्या आग्रहापायी ते ‘म्हणे’ आपण गाळतो, आणि त्याच्या जागी काही ठेवत नाही.

आजोबांचं पूर्ण बोलणं माझ्या वहीत होतं: ‘आमी देव म्हणताव, गुरुजी. मुजावर सवारी म्हणतो. मान ज्याचा त्याला.’ लेखात मी पहिलं वाक्य घेतलं होतं, तेही माझ्या भाषेत ओतून. पुढची दोन सोडली होती. ती तीनही वाक्यं जशीच्या तशी दिली असती, तर परीक्षकांना तसं वाचताच आलं नसतं.

यानंतर साडेतीन पानांमधलं बहुतेक सगळं गेलं. पहिल्या परीक्षकांनी लेखाची तारीफ केली होती ती मी दोनदा उद्धृत केली होती. सर म्हणाले, संपादकाने ती वाचलेली आहे; एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं केलंस तर तो मतमोजणी करत बसेल. ‘मी याच पंचक्रोशीतला असून लहानपणापासून सवारी पाहत आलो’ हे वाक्य गेलं. लेख आंधळ्या परीक्षणाचा होता, लेखक कोण हे परीक्षकांना कळायचं नव्हतं, आणि गावचा असणं हा लेखातल्या वाक्याचा पुरावा नाही. परीक्षकांना ‘लोकधर्म मान्यच नसावा’ असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं. ते सगळ्यात आधी खोडलं. परीक्षक कोण असतील याचा मी अंदाजही बांधला होता. मराठीतलं हे वर्तुळ लहान आहे, अंदाज बरोबर निघू शकतो, आणि म्हणूनच तो पत्रात डोकावता कामा नये. परीक्षकांच्या धर्माविषयी, विचारसरणीविषयी किंवा हेतूविषयी एक शब्द जरी आला, तर वाद लेखावरून माणसावर जातो आणि संपादकाला परीक्षकांची बाजू घेणं भाग पडतं.

एक मुद्दा मला ठेवायचा होता. ‘मुस्लिम परंपरेवर अन्याय’ हे शब्द मला लागले होते. मुजावरांच्या घरी बसून मी चार दिवस चहा प्यायलो होतो, त्यांच्या थोरल्या मुलाने मसुदा वाचून दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. सरांनी त्यातला मुलाने मसुदा वाचल्याचा भाग राहू दिला, कारण ती पडताळणीची पायरी आहे. चहा काढून टाकला. ते बरोबर होतं.

नियतकालिकाच्या सूचनांमध्ये फेरविचाराबद्दल एकच ओळ होती: निर्णयावर एकदाच अर्ज करता येईल, तो संपादकांकडे लेखी करावा. बहुतेक ठिकाणी असंच असतं. अर्ज प्रलंबित असताना लेख दुसरीकडे पाठवायचा नाही, हे लिहिलेलं नसलं तरी पाळायचं असतं. निर्णय आल्यापासून आठव्या दिवशी मी हे पत्र पाठवलं. क्रमांक आणि नाव सोडून ते असं होतं:

‘मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपले निर्णयपत्र व दोन्ही अभिप्राय मिळाले. परीक्षकांनी लेखासाठी दिलेल्या वेळेबद्दल मी आभारी आहे. दुसऱ्या परीक्षकांच्या एका निरीक्षणाबाबत आपण फेरविचार करावा, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

अभिप्रायात म्हटले आहे की, सवारी ही हिंदू ग्रामदेवता असल्याचे लेखक प्रतिपादन करतात. लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. पृ. २, ओळ १८ ते २१ येथे ‘देव’ हा शब्द गावकऱ्यांचा असल्याचे नमूद केले आहे. पृ. ११, ओळ ६ ते ९ येथे सवारीला हिंदू देवता ठरवणे चुकीचे असल्याचे म्हटले आहे. पृ. ८ वरील मलिद्याचा प्रसंग, दोन परंपरांचे नेम लोक वेगवेगळे राखतात हे दाखवण्यासाठीच दिला आहे. तिन्ही उतारे सोबत जोडले आहेत.

हा गैरसमज होण्यास लेखातील एक जागा कारणीभूत झाली असावी, हे मला मान्य आहे. पृ. ५, ओळ ३ वरील वाक्य एका निवेदकाचे आहे, परंतु तेथे अवतरणचिन्हे नाहीत आणि निवेदकाचा उल्लेख चौदा ओळी आधी येतो. ते वाक्य एकटे वाचल्यास लेखकाचे मत वाटू शकते. ते मी निवेदकाच्या मूळ शब्दांत, संपूर्ण देईन. प्रस्तावित दुरुस्ती सोबत आहे. मुजावर कुटुंबातील एका सदस्याने मसुदा वाचून तपशील तपासले होते, ही बाबही पद्धतीच्या भागात नोंदवीन.

‘कानून-ए-इस्लाम’ आणि एकाच वर्षाचे निरीक्षण यांविषयीचे आक्षेप योग्य आहेत. पहिला मी दुरुस्त करीन. दुसऱ्यासाठी लेखाचा दावा मर्यादित करीन, अथवा येत्या मोहरममधील निरीक्षणाची भर घालीन.

निर्णय प्रामुख्याने वरील निरीक्षणावर आधारलेला असल्यास, आपण स्वतः अथवा अन्य एखाद्या परीक्षकांनी उल्लेखिलेली पृष्ठे पाहावीत, ही विनंती. सुधारित लेख दुसऱ्या परीक्षकांकडेच पुन्हा जाण्यास माझी हरकत नाही. आपण पूर्वीचा निर्णय कायम ठेवल्यास तो मला मान्य असेल.

आपला विश्वासू’

पत्राला सोबत एकच पान जोडलं. वर लेखातले तीन उतारे, खाली पाचव्या पानावरचं जुनं वाक्य आणि त्याखाली नवं. अख्खा लेख पुन्हा जोडला नाही. संपादकाने लेख शोधून, पान काढून, ओळ मोजून बघावं अशी अपेक्षा ठेवली की अर्ज तिथेच अडकतो. त्याला दोन मिनिटांत, आहे त्या जागी बसून ताडून पाहता आलं पाहिजे.

पत्रातल्या दोन जागा सरांनी आणि मी बराच वेळ घासल्या. पहिली, ‘परीक्षकांनी चुकीचे वाचले’ असं कुठेही न म्हणता तेच सांगणं. आधी माझं वाक्य होतं, ‘परीक्षकांनी पृ. २ व पृ. ११ कडे दुर्लक्ष केले आहे.’ त्याचं झालं ‘लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे’ आणि लगेच पान-ओळ. कर्ता परीक्षक नाही, लेख आहे. दुसरी जागा म्हणजे पाचव्या पानाची कबुली. मला भीती होती की चूक मान्य केली तर संपादक म्हणतील, मग परीक्षक बरोबरच होते. म्हणून क्रम महत्त्वाचा झाला. आधी लेख काय म्हणतो ते तीन ठिकाणांसह, मग गैरसमज कुठून आला. उलट क्रमाने लिहिलं असतं तर कबुलीच सगळ्या पत्राचा सूर झाली असती.

‘निर्णय प्रामुख्याने वरील निरीक्षणावर आधारलेला असल्यास’ यातलं ‘असल्यास’ हे नुसतं सौजन्य नव्हतं. संपादकांच्या मनात दुसरी कारणं असू शकतात, जी पत्रात आलेली नसतात: अंकात जागा नसणं, त्याच विषयावर दुसरा लेख स्वीकारलेला असणं. त्या अटीमुळे त्यांना ती कारणं सांगायला वाट मिळते, आणि मलाही तिथे थांबायला वाट राहते.

पोच दुसऱ्या दिवशी आली. नंतर २६ दिवस काही नाही. मी एकदाही आठवण केली नाही. महिना उलटला असता तर एका ओळीची केली असती. उत्तर आलं त्यात संपादकांनी लिहिलं होतं की संपादक मंडळातल्या एका सदस्यांनी, ज्यांनी लेख आधी पाहिला नव्हता, लेख आणि पत्र एकत्र वाचलं. दुसऱ्या परीक्षकांच्या मुख्य आक्षेपाला लेखात आधार सापडत नाही, पण पाचव्या पानाची मांडणी सदोष आहे. आधीचा निर्णय मागे घेऊन ‘मोठ्या दुरुस्तीसह पुन्हा सादर करावा’ असा बदलला आहे. स्वीकृतीची हमी नाही.

मला पहिल्या परीक्षकांच्या ‘किरकोळ दुरुस्ती’ची आशा होती, ती मिळाली नाही. लेख पुन्हा वाचल्यावर ‘मोठी’ हाच शब्द बरोबर वाटला. ‘आजोबा म्हणाले’ हरवलेलं मला आणखी सहा ठिकाणी सापडलं. त्यातलं एक वाक्य मुजावरांचं होतं आणि तेही माझ्या तोंडी गेलं होतं. परीक्षकांनी एकच पकडलं होतं.

२०२५ ची दहावी ६ जुलैला आली आणि त्या दिवशी पुन्हा आषाढी एकादशी होती. हिजरी वर्षात अधिक महिना नसल्यामुळे मोहरम दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. आपल्या पंचांगात अधिक महिना येईपर्यंत आषाढीही तशीच सरकते, म्हणून दोन वर्षं दोघी बरोबर चालल्या. मी पुन्हा गावात गेलो. या वेळी मलिदा न खाता ठेवणारे तिघं होते. त्यातल्या एकाने तो रुमालात न बांधता मुजावराच्याच घरी झाकून ठेवायला सांगितला. सकाळी न्यायला आला तेव्हा मी तिथे होतो. मुजावरांच्या सूनबाईंनी ताटली झाकणासह पुढे केली आणि विचारलं, ‘सोडली का बारस?’ हा प्रसंग पहिल्या वर्षी माझ्याकडे नव्हता. लेखाला त्याची गरज होती.

‘कानून-ए-इस्लाम’मधून अलाव्याचं वर्णन घेतलं आणि गावातल्या अलाव्याशी ताडून पाहिलं. पाचव्या पानावर आजोबांची तीनही वाक्यं त्यांच्याच बोलीत, अवतरणात गेली. त्याखाली माझं एकच वाक्य: ‘या उद्गारात एकाच वस्तूला दोन नावे आहेत आणि निवेदकाला दोन्ही ठाऊक आहेत.’

ऑगस्टमध्ये लेख पुन्हा दिला. सोबत दोन रकान्यांचा तक्ता, डावीकडे आक्षेप, उजवीकडे बदल आणि पान. तो दुसऱ्या परीक्षकांकडेच गेला. त्यांचा नवा अभिप्राय चार ओळींचा होता. उद्गार कुणाचे आहेत हे आता स्पष्ट झालं आहे, लेख छापण्यास हरकत नाही. मात्र ‘मान’ या एका शब्दाने श्रद्धेचा भाग झाकला जातो, असं त्यांना अजून वाटतं. आजोबा सवारीला देव म्हणतात ते केवळ मान आहे म्हणून नव्हे. त्यावर मला पुरेसं उत्तर देता आलेलं नाही. त्यांची हरकत त्यांच्या शब्दांत लेखाच्या तळटीपेत दिली आहे.